लघवीचा रंग कुठल्या दिवशीचा, ते विचारा: इंदूरमध्ये टीबीच्या प्रतिबंधक गोळ्या घरोघर देणाऱ्या ताई-दादांना खुलं पत्र

ताई-दादांनो, नमस्कार.

मी इंदूरची, राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर राहते. एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २८ वर्षं रक्ताच्या आणि लघवीच्या बाटल्या हाताळल्या, आता घरी असते. हे आधीच सांगते, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझ्या हातून झाली, आणि लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईच्या हातून होऊ शकते तर कोणाच्याही हातून होऊ शकते.

आमचा पुतण्या भंवरकुआँला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायचा आणि आमच्याकडेच राहायचा. तीन आठवडे खोकला गेला नाही, तेव्हा थुंकी तपासली. टीबी निघाला. रिपोर्टमध्ये खाली आणखी एक ओळ होती, की रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू दिसले नाहीत. ती ओळ त्याच्यासाठी महत्त्वाची होतीच, पण आमच्यासाठीही होती. घरातल्यांना जी प्रतिबंधक गोळी द्यायची ती याच कुळातली. त्याच्या जंतूंनाच ते औषध लागू पडत नसतं, तर आम्हालाही तिचा उपयोग झाला नसता.

घरात आम्ही पाच जण: सासूबाई ७९ वर्षांच्या, आमचे हे ५८, मी ५४, सूनबाई २७ आणि नातू ४ वर्षांचा. मुलगा नोकरीला पुण्यात. पाचही जणांना खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन याबद्दल विचारलं, छातीचे एक्स-रे काढले. कोणाला टीबी नव्हता. ही पायरी कोणी गाळू नये. टीबी अंगात जागा असताना प्रतिबंधक गोळीतली दोनच औषधं दिली तर रोग बरा होत नाही, उलट जंतू त्याच औषधांना सरावतात. नातू पाचाच्या आतला, म्हणून त्याला दंडावरच्या सुईच्या किंवा रक्ताच्या तपासणीची गरज नाही, आजार नाही एवढी खात्री झाली की गोळी सुरू, असं सांगितलं. आम्हा मोठ्यांची रक्ताची तपासणी झाली आणि चौघांचीही पॉझिटिव्ह आली. म्हणजे जंतू अंगात शिरलेले, पण झोपलेले. असे झोपलेले जंतू असलेल्या शंभरांतल्या पाच-दहा जणांना आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो, आणि त्यातले बरेचसे पहिल्या दोन वर्षांतच. गोळी का घ्यायची, हा प्रश्न आमच्या घरात आलाच नाही. पुतण्या शेजारच्या खोलीत खोकत होता.

आम्हाला आठवड्यातून एकदा घ्यायचा कोर्स मिळाला: १२ आठवडे, १२ डोस. आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन. रिफापेन्टिन म्हणजे रिफॅम्पिसिनचंच जास्त वेळ टिकणारं भावंड. मोठ्या माणसाला दोन्ही औषधं ९००-९०० मिलिग्रॅम. आमच्या गोळीत दोन्ही ३००-३०० होती, म्हणून तीन गोळ्या एकदम, सोबत बी-६ची गोळी. नातवाचा डोस वजनाप्रमाणे. वार ठरला रविवार, पोह्यांनंतर. पूर्वी नुसतं आयसोनियाझिड रोज, सहा-सहा महिने घ्यावं लागायचं. त्या मानाने हे सुटसुटीत, आणि लिव्हरलाही सौम्य. २०११ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ महिने रोज आयसोनियाझिड घेणाऱ्या हजारांत २७ जणांना औषधाने लिव्हरचा त्रास झाला, या बारा डोसवाल्यांत हजारी ४. कोर्स पुरा करणारेही बारा डोसवाल्यांतच जास्त होते. माझं भांडण गोळीशी नाही हे यावरून कळेल. माझं म्हणणं हजारांतल्या त्या चौघांबद्दल आहे. आमचे हे त्या चौघांतले.

पहिला डोस रंगपंचमीनंतरच्या रविवारी घेतला. गेर, म्हणजे आमच्याकडची रंगपंचमीची मिरवणूक, दोनच दिवसांपूर्वी आमच्या दारावरून गेली होती. दुपारी सासूबाई मोरीतून बाहेर आल्या त्या घाबरून: "अगं, रक्त जातंय की काय?" लघवी नारिंगी-लाल. थोड्या वेळाने सूनबाईची तशीच, मग माझी. नातवाला मात्र फार मजा वाटली, त्याच्या मते गेरचा रंग पोटात गेला होता. गोळ्या देणाऱ्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गोळीचाच रंग आहे हो, घाम नि डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं, घाबरू नका." उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. सोमवारी रंग फिका पडला, मंगळवार-बुधवारपर्यंत गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला, पुन्हा गेला.

पण ते बरोबर उत्तर आमच्या डोक्यात अर्धंच बसलं. "गोळीचा रंग" एवढं राहिलं. "दोन-तीन दिवसांत जातो" हे कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

मधे एक वेगळाच प्रसंग झाला. चौथ्या डोसनंतर चार-पाच तासांनी सूनबाईला थंडी वाजून ताप आला, अंग दुखायला लागलं, गरगरलं. सोमवारी दुपारपर्यंत ती ठणठणीत. या साप्ताहिक गोळीने काही जणांना असं फ्लूसारखं होतं, बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या डोसला, आणि दिवसभरात उतरतं. चक्कर येऊन पडणं, रक्तदाब उतरणं, अंगावर गांधी उठणं असं झालं तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. हे लिव्हरचं दुखणं नव्हे. पण याचा परिणाम असा झाला, की "गोळीने थोडं काही होतंच" ही समजूत घरात पक्की बसली.

सातवा डोस वैशाखाच्या तोंडावर आला. त्या आठवड्यात ह्यांचं जेवण कमी झालं. आमच्याकडे रविवारच्या पोह्यांवर शेव, बडीशेप, जिरावन सगळं लागतं. हे अर्धी बशी सरकवून म्हणाले, "तेलाचा वास नको वाटतोय." दुपारी पडून राहायला लागले. मी म्हटलं, ऊन वाढलंय. गुरुवारी ह्यांनी स्वतःच सांगितलं, की लघवी कडक चहासारखी होतेय. मी म्हटलं, उन्हाळी लागली असेल. सब्जा भिजवला, कैरीचं पन्हं केलं, धण्या-जिऱ्याचं पाणी दिलं. आमच्या आईने केलं असतं तेच मी केलं.

वार मोजा. डोस रविवारचा, चहाचा रंग गुरुवारी. चार दिवसांनी गोळीचा रंग उरत नाही. माझी, सासूबाईंची, सूनबाईची लघवी त्या गुरुवारी स्वच्छ होती. त्याच गोळ्या, त्याच दिवशी घेतलेल्या. एवढं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं असतं तर पुरे होतं. उन्हाळीचंही तसंच. लघवी पाणी कमी पडल्याने गडद झाली असेल तर तीन-चार ग्लास पाणी पोटात गेल्यावर रंग उतरतो. ह्यांचा उतरला नाही. शिवाय उन्हाळीत जळजळ होते, थोडी थोडी होते. ह्यांना जळजळ नव्हती, लघवी भरपूर होत होती, फक्त काळी.

शनिवारी मी फोन केला. कोणाला, ते लिहीत नाही, कारण दोष निम्मा माझा आहे. मी काय विचारलं? "ह्यांची लघवी गडद होतेय, उद्याचा डोस द्यायचा ना?" उत्तर आलं, "गोळीचा रंग असतो तो, डोस चुकवू नका." मी जे विचारलं त्याचं ते उत्तर ठीकच होतं. शेवटचा डोस सहा दिवसांपूर्वीचा, हे मी बोलले नाही. जेवण तुटलंय, हे बोलले नाही. आणि पलीकडूनही विचारलं गेलं नाही. रविवारी मी स्वतःच्या हाताने आठवा डोस दिला.

सोमवारी सकाळपासून उलट्या, उजव्या बरगडीखाली जडपणा. संध्याकाळच्या उजेडात ह्यांना खिडकीशी बसवलं, खालची पापणी ओढली आणि वर बघायला सांगितलं. पांढऱ्यावर हळद चढलेली. २८ वर्षं मी काविळीच्या लघवीची बाटली नुसती हलवून ओळखत आले. साध्या लघवीचा फेस पांढरा असतो, काविळीचा पिवळा. घरी ते सुचलं सोमवारी, डोस दिल्यावर, जेव्हा गोळीच्या रंगानेही फेस रंगतो आणि परीक्षा खोटी ठरते. शनिवारी करायला हवी होती.

मंगळवारी रक्त दिलं. लिव्हरची इजा दाखवणारं एसजीपीटी ६१२, म्हणजे लॅबच्या ४० या वरच्या मर्यादेच्या पंधरापट. काविळीचं बिलिरुबिन ३.८. डॉक्टरांनी गोळ्या तिथेच बंद केल्या. त्यांनी एक हिशेब सांगितला तो तुम्हाला माहीत असेल, पण घरोघरी कोणाला माहीत नसतो. भूक जाणं, मळमळ, पोटदुखी, कावीळ असा त्रास असेल तर एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट झालं तरी औषध बंद. काहीच त्रास नसेल तर पाचपट झाल्यावर बंद. आयसोनियाझिड घेणाऱ्या बऱ्याच जणांचा आकडा मधे थोडा वाढतो आणि गोळी चालू असतानाच आपोआप खाली येतो. त्या सगळ्यांची गोळी बंद करायची नसते. म्हणून नुसता आकडा पुरत नाही, माणसाला काय होतंय ते विचारावं लागतं, आणि ते विचारणारी माणसं म्हणजे तुम्ही.

मग हेपॅटायटिस ए, बी, सी, ई तपासले. उन्हाळ्यात पाण्यातून येणारी कावीळ आमच्या भागात नवी नाही, त्यामुळे सगळा दोष गोळीवर टाकण्याआधी हे बघावंच लागतं. सगळं निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडे नाहीत. रक्त गोठण्याची चाचणी ठीक आली, म्हणून घरी ठेवलं. ती बिघडली असती किंवा हे गुंगीत, बरळायला लागले असते तर तासाभराचाही उशीर चालला नसता, लगेच मोठं इस्पितळ गाठा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर आठवड्याला रक्त तपासलं: ६१२ वरून ३४०, मग १५०, ६२, आणि चौथ्या आठवड्यानंतर ३८. भूक मात्र दुसऱ्याच आठवड्यात परत आली. मला आकड्यांपेक्षा तिनेच जास्त धीर दिला.

डॉक्टरांनी मागचं खोदून विचारलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे ह्यांची शनिवारची बैठक. दोन पेग, कधी तीन. घरात हे उघड गुपित होतं, पण गोळी सुरू करताना "दारू घेता का?" हा प्रश्न सासूबाईंच्या समोर विचारला गेला. त्यावर कुठला मराठी मुलगा हो म्हणेल? दुसरी गोष्ट सासूबाईंनी मायेने चालवलेली. पुतण्याला टीबी निघाल्यापासून त्या ह्यांना रोज सकाळी गुळवेलीचा काढा देत होत्या, "ताकद राहते." २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. आमच्या घरात नेमकं कशाने किती झालं, हे कोणी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पण लिव्हरवर आधीच आयसोनियाझिडचं काम पडलेलं असताना त्यात दारू आणि काढा कशाला, एवढं मला कळतं.

सुरुवातीला लिव्हरची तपासणी प्रत्येकाची करावी लागत नाही, हे मान्य आहे. नातवाची गरजच नव्हती. पण रोज किंवा नेमाने दारू घेणारे, आधी लिव्हरचं काही झालेले, हेपॅटायटिस बी-सी किंवा एचआयव्ही असलेले, बाळंतपण होऊन तीन महिने न झालेल्या बायका, यांची आधी तपासणी करून घ्यावी. वय वाढतं तसा धोका वाढतो. आमच्या सासूबाईंची वयाकडे बघून केली होती आणि त्यांना बारा डोसांत काहीही झालं नाही. ह्यांची केली नाही, कारण कागदावर ते "निर्व्यसनी" होते.

जाता जाता सूनबाईचंही सांगते, कारण तेही कोणी विचारलं नव्हतं. ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती. रिफॅम्पिसिन कुळातल्या औषधांनी त्या गोळ्यांचा असर कमी होतो. तिने तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसऱ्याच कामासाठी फोन केला म्हणून कळलं, नाहीतर या पत्रात आणखी एक प्रकरण वाढलं असतं. गरोदरपणात हा बारा डोसांचा कोर्स देत नाहीत. रक्त पातळ करण्याच्या आणि साखरेच्या काही गोळ्यांचा असरही या औषधांनी असाच कमी होतो. त्यामुळे घरातल्या औषधांचा डबा एकदा तुमच्यासमोर उघडायला सांगा.

आता माझं मागणं. ते मोठं नाही, कागदही नवा छापायला नको. कोणी फोन करून "रंग" म्हणालं, की उत्तर देण्याआधी तीन गोष्टी उलट विचारा. शेवटचा डोस कोणत्या वारी घेतला? जेवण जातंय का? उजेडात डोळे पाहिलेत का? डोस कालचा, भूक झकास, डोळे पांढरे, तर मग "गोळीचा रंग" म्हणा, निर्धास्त म्हणा. तीन दिवस उलटूनही रंग असेल, किंवा वार कुठलाही असो पण जेवण तुटलं असेल, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवा. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. औषधाच्या रंगाने पट्टी वाचताना फसायला होतं, हे लॅबवाली म्हणून सांगते.

काही घरांत गोळी रोजची असते: तीन महिने आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन, किंवा चार महिने नुसतं रिफॅम्पिसिन. तिथे वाराचा हिशेब चालत नाही, कारण रंग रोजच येतो. तिथे पुढच्या गोळीच्या आधीची, पहाटेची लघवी बघायला सांगा, ती त्यातल्या त्यात फिकी असायला हवी. आणि खरा भरवसा भुकेवर ठेवा. आमच्याकडे भूक रंगाच्या चार दिवस आधी गेली होती. मळमळ, न जाणारा थकवा, पोटात उजवीकडे दुखणं, अंगाला खाज, पांढुरका संडास, यातलं काहीही रंगाची वाट न बघता सांगायचं असतं.

आणि "डोस चुकवू नका" हे वाक्य जपून वापरा. मला माहीत आहे, तुम्हाला कोर्स पुरे झाल्याचा हिशेब द्यावा लागतो आणि लोक क्षुल्लक कारणाने गोळ्या सोडतात. पण साप्ताहिक डोस दोन-तीन दिवस उशिरा झाल्याने कोर्स बुडत नाही. उशिरा घेतला तरी चालतो, फक्त दोन डोसांत चार दिवसांपेक्षा कमी अंतर नको. ह्यांचा आठवा डोस मंगळवारपर्यंत थांबला असता तर तो दिलाच गेला नसता. "शंका आली तर आधी थांबा, मग मला फोन करा, आणि मी उचलला नाही तर १८००-११-६६६६ ला करा," असं गोळ्या हातात ठेवतानाच सांगा. हा टीबीसाठीचा निक्षयचा सरकारी फुकट नंबर आहे, पण तो माझ्या घरात कोणाला ठाऊक नव्हता.

ह्यांचा कोर्स आठ डोसांवरच थांबला. मी विचारलं होतं, की उरलेलं नुसत्या रिफॅम्पिसिनवर भागेल का. २०१८ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत चार महिन्यांच्या नुसत्या रिफॅम्पिसिनने लिव्हरचा त्रास नऊ महिन्यांच्या आयसोनियाझिडपेक्षा बराच कमी झाल्याचं मी वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, आयसोनियाझिडने झालं अशी खात्री असती तर विचार केला असता. पण रिफापेन्टिन त्याच कुळातलं, दोघांतलं कोण दोषी ते ठरत नाही, आणि एकदा पंधरापट गेलेल्या लिव्हरवर पुन्हा प्रयोग करण्याइतकी घाई नाही. त्याऐवजी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि मधे खोकला-ताप दोन आठवडे टिकला तर लगेच थुंकी द्यायची. हा निर्णय आमच्या ह्यांच्यापुरता आहे. दुसऱ्याच्या घरात तो वेगळा असू शकतो.

आम्हा चौघांचा बारावा डोस जूनच्या सुरुवातीला झाला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी आठव्या डोसनंतर शनिवारच्या चौकोनात प्रत्येकाच्या नावापुढे दोन खुणा करायला लागले होते, एक जेवणाची, एक रंगाची. दोन्ही ठीक असतील तरच रविवारी पाकीट उघडायचं. पुतण्या आता बरा आहे, त्याच्या गोळ्या अजून चालू आहेत, आणि त्याच्या नावाचाही चौकोन आहे. तुमच्यापैकी कोणी आमच्या गल्लीत आलं तर ते कॅलेंडर बघून जा, फोटो हवा तर काढा.

आपली,
राजवाड्याजवळची एक निवृत्त लॅबवाली